मानेवरचे लोलक

आमच्या घरी कोलन वॉटरची बाटली असे, ती तापाच्या पट्टीसाठी. तिच्यावर आईचा पहारा असे. पण १९६६च्या मे महिन्यात, मावसबहिणीच्या लग्नाला निघताना, मी ती हळूच उघडली आणि कानांमागे सढळ हाताने अत्तरासारखे कोलन वॉटर चोळले. एक ओघळ मानेवरून खाली आला, तोही तसाच राहू दिला. मग भर दुपारी उघड्या बैलगाडीतून दोन तासांचा प्रवास!

मांडवात पोहोचले तेव्हा वासाचा पत्ताच नव्हता. लिंबाच्या जातीचे सुगंध मुळातच हलके. तापलेल्या अंगावरून ते पाहता पाहता उडून जातात. मला वाटले, चोरी पचली.

त्या रात्री काहीच झाले नाही. तिसऱ्या दिवशी मात्र मानेची आग होऊ लागली. आठवड्याने लाली गेली, आणि मागे राहिला तपकिरी डाग, अगदी त्या ओघळाच्या आकाराचा, टोकाला थेंब! वास उडाला, पण चोरी मानेवर लिहिली गेली होती.

डॉक्टरांनी डाग पाहिला आणि विचारले, "कोलन लावून उन्हात गेली होतीस का?" या डागाला लोलकावरूनच नाव आहे, असे ते म्हणाले. कोलन वॉटरमध्ये बर्गामोट नावाच्या लिंबाच्या सालीचे तेल असते, आणि त्यातला बर्गाप्टेन हा पदार्थ सुगंधाबरोबर उडत नाही, कातडीत मुरतो. नुसता तो निरुपद्रवी, आणि तेवढे ऊनही मला नित्याचे. पण उन्हातले अतिनील किरण त्याच्यावर पडले, की तो पेशींच्या गाभ्याला चिकटतो. पेशी भाजतात आणि कातडी रंग साठवते. म्हणून तर पदराखालची मान स्वच्छ राहिली होती. डाग पुढच्या संक्रांतीपर्यंत पुसट होत गेला.

आता बर्गामोटच्या तेलातून तो पदार्थ बहुधा काढून टाकतात. तरी घरी केलेल्या तेलांचा भरवसा नाही, आणि उन्हात लिंबू पिळतानाही हातावर असे डाग उठू शकतात.

परवा नात अंगावर सेंट फवारून त्यावर उन्हाचे मलम चोळू लागली. मी तिचा हात धरला. चोळण्याने सेंट सगळीकडे पसरतो, आणि मलम कुठे पातळ राहिले तर तिथे ऊन त्याला गाठते. "आधी कोरड्या अंगावर मलम लाव, पाव तास मुरू दे. सेंट ओढणीच्या आतल्या बाजूला लाव, म्हणजे रेशमावर डाग पडला तरी दिसणार नाही. वासही तिथे जास्त वेळ टिकतो."

"आजी, तुला कसं ग ठाऊक?"

मी नकळत मानेवरून हात फिरवला. तिथे आता काहीच नाही.