चौकट, वर्तुळ आणि आकडा

मराठीच्या अध्यापकांनी पीपीटी करावी आणि तीही संगणक शिकवणारी, हे आमच्या काही सहकाऱ्यांना अजूनही गमतीचे वाटते. आम्ही दोघे, एक नांदेडला आणि एक लातूरला, गेल्या काही सत्रांपासून एम.ए.च्या विद्यार्थ्यांसाठी असा एक संच करतो आहोत. विंडोजमध्ये मराठी कळफलक कसा जोडावा आणि युनिकोडमध्ये प्रबंधिका कशी टंकलिखित करावी, एवढाच त्याचा विषय. हे आम्ही हौसेखातर हाती घेतलेले नाही. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या परिसरातला आमचा बहुतेक विद्यार्थी घरी संगणक नसलेला. तो महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तासभर बसतो आणि एस.टी. सुटण्याआधी निघतो. त्या तासात अडला तर तो प्रबंधिका बाहेरच्या टंकलेखकाकडे देतो. ती जुन्या फॉन्टमध्ये परत येते आणि मग त्याला स्वतःच्या लेखनातला एक ऱ्हस्व-दीर्घही दुरुस्त करता येत नाही. आपल्या मजकुरावरचा हक्कच त्याच्या हातून जातो.

या संचात आम्ही सर्वाधिक वेळ कशावर घालवला असेल, तर पडद्याच्या चित्रांवर काढायच्या चौकटींवर आणि त्यांच्या शेजारच्या आकड्यांवर. साहित्याच्या माणसाला हे काम वाटते तितके परके नाही. टीकाकार मूळ पद समोर ठेवतो, त्यातला एक शब्द वेगळा काढतो आणि सांगतो की आता याकडे पाहा. स्क्रीनशॉटवरची चौकट तेच करते. अडचण एवढीच की पोथीत ओळ कोठे सुरू होते हे वाचकाला ठाऊक असते. सेटिंग्जच्या खिडकीत डोळा कोठून सुरू करावा हेच नवख्याला ठाऊक नसते.

अशा तयार पीपीट्या आम्ही बऱ्याच पाहिल्या. त्यांतील नेहमीचा दोष म्हणजे चौकट फार मोठी असते. `Language & region` हे पान उघडले आहे, दाबायचे आहे फक्त `Add a language` हे बटण, आणि लाल चौकट मात्र अर्ध्या पानाला घातलेली. करणाऱ्याला वाटते की आपण जागा दाखवली. विद्यार्थी त्या चौकटीतला पहिला शब्द दाबतो. चौकटीची हद्द क्लिकच्या हद्दीएवढीच असावी, हा नियम आम्ही स्वतःला घालून घेतला आहे. बटणाभोवती थोडी मोकळी जागा, आत रंग भरायचा नाही (`No Fill`), रेघ तीन पॉइंटची. याहून बारीक रेघ वर्गातल्या जुन्या प्रोजेक्टरवर विरून जाते आणि याहून जाड रेघ शेजारची अक्षरे खाते.

आकडा चौकटीच्या आत टाकायचा नाही, डाव्या वरच्या कोपऱ्याला बाहेरून चिकटवायचा. गडद भरीव वर्तुळ, त्यात पांढरा ठळक आकडा. रंगावर सगळा भार टाकता येत नाही, कारण लातूरचे निम्मे विद्यार्थी या संचाच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स घेऊन बसतात. त्यात लाल रेघ राखाडी होते आणि खिडकीच्या मूळच्या रेघांत मिसळून जाते. भरीव वर्तुळ मात्र झेरॉक्समध्येही टिकते. लाल-हिरवा भेद न दिसणारा एखादा विद्यार्थी वर्गात असतोच, त्याचीही सोय यातच होते.

आकडे देवनागरी की इंग्रजी, यावर आमच्यात बराच वाद झाला. लातूरकर मॅडमचे म्हणणे, मराठीच्या संचात १, २, ३ हेच हवेत. नांदेडकर सरांनी मागच्या बाकावर बसून दाखवून दिले की छोट्या वर्तुळातला १ आणि ९ लांबून एकमेकांसारखे दिसतात. शेवटी मार्ग निघाला तो असा की आकडे देवनागरीच ठेवायचे, पण वर्तुळ मोठे करायचे आणि एका चित्रात चारांहून अधिक आकडे शक्यतो येऊ द्यायचे नाहीत. नऊपर्यंत जाण्याची वेळ आली तर चित्र फोडायचे. या अटीने आम्हांला पुढे बरेच काही शिकवले.

कळफलक जोडण्याच्या पायऱ्या तशा सरळ आहेत. विंडोज ११ मध्ये `Settings`, मग `Time & language`, मग `Language & region`, तेथे `Add a language`, शोधाच्या जागी Marathi, पुढे `Next` आणि `Install`. मराठी आली की इन्स्क्रिप्ट धाटणीचा कळफलक सोबत येतो. इंग्रजीवरून मराठीवर जायचे ते विंडोजची कळ धरून स्पेसबार दाबून. खरी अडचण पडद्याच्या उजव्या खालच्या कोपऱ्यातल्या `ENG` या खुणेची. १३६६ ठिपके रुंदीच्या पडद्यावर ती जेमतेम तीस-चाळीस ठिपक्यांची. सगळा पडदा स्लाइडवर मावेल असा लहान केला की ती दिसतच नाही, मग तिच्याभोवती कितीही सुबक चौकट काढा. म्हणून तेथे दोन चित्रे लागतात. पहिल्यात सगळा पडदा, कोपरा कोठे आहे ते कळावे म्हणून. दुसऱ्यात कापून मोठा केलेला तेवढाच कोपरा. पहिले वगळले तर विद्यार्थी विचारतो, हे आहे कुठे? `ENG` वर क्लिक केल्यावर उघडणारी यादी टिपायची तर `Snipping Tool` मधला काही सेकंदांचा विलंब वापरावा लागतो, नाहीतर चित्र घेताना यादीच मिटून जाते.

पण आकड्यांचा खरा उपयोग आम्हांला कळला तो पुढच्या भागात, प्रत्यक्ष अक्षरे टंकताना. पडद्यावरचा कळफलक (`osk` ही आज्ञा दिली की तो उघडतो) मराठीवर नेला की त्याच्या कळांवर देवनागरी अक्षरे दिसतात. त्याचेच चित्र घेऊन आम्ही ‘किती’ हा शब्द दाखवला. कागदावर वाचताना डोळ्याला आधी वेलांटी दिसते, मग क. मराठी टंकलेखन यंत्रावर शिकलेली माणसेही आधी वेलांटीच दाबत. युनिकोडमध्ये मात्र उच्चाराचा क्रम चालतो, म्हणजे आधी क (k), मग ऱ्हस्व वेलांटी (f), मग त (l) आणि शेवटी दीर्घ वेलांटी (r). उलटे दाबले की वेलांटी ठिपक्यांच्या एका पोकळ वर्तुळाला लटकते आणि क तिच्यापुढे एकटा उभा राहतो. ते ठिपक्यांचे वर्तुळ दिसले की चूक क्रमाची आहे, हे लगेच ओळखावे. हे वाक्यात सांगून विद्यार्थ्यांच्या गळी उतरत नव्हते. क वर १ आणि वेलांटीवर २ ठेवल्याबरोबर उतरले. आकडा येथे जागा सांगत नाही, वेळ सांगतो. लिपीतला दिसण्याचा क्रम आणि बोलण्याचा क्रम वेगळा आहे, ही ध्वनिविचाराच्या तासाला आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलेली गोष्ट दोन वर्तुळांनी सांगितली.

मग आम्ही ‘विद्यार्थी’ हा शब्द घेतला आणि चारांच्या अटीची कसोटी लागली. या शब्दाला दहा कळा लागतात:

```
व  ि  द  ्  य  ा  र  ्  थ        ी
b  f  o  d  /  e  j  d  Shift+l  r
```

एकाच चित्रात दहा वर्तुळे ठेवली तर कळफलक झाकला जातो. शिवाय हलंताची d ही कळ दोनदा येते, म्हणजे तिच्या डोक्यावर ४ आणि ८ असे दोन आकडे बसतात आणि पाहणारा गोंधळतो. चित्र फोडणे भागच होते, पण फोडायचे कोठे? सरांनी पाच-पाच असे समान भाग सुचवले. मॅडमनी ते मोडीत काढले, कारण तसे केल्यास ‘द्या’ मधला काना पुढच्या स्लाइडवर जातो आणि अक्षरच तुटते. तोड अक्षराच्या सीमेवरच हवी. म्हणून पहिल्या चित्रात ‘विद्या’ (१ ते ६) आणि दुसऱ्यात ‘र्थी’ (७ ते १०). पहिल्यात चारांची मर्यादा ओलांडली गेली, पण एकाही कळेवर दोन आकडे राहिले नाहीत. दुसऱ्या चित्रात आकडे पुन्हा १ पासून सुरू केले नाहीत, कारण शब्द एकच आहे. त्या दुसऱ्या चित्रात रफारही स्पष्ट होतो. तो दिसतो थी च्या डोक्यावर, पण त्याचा र आणि हलंत हे ७ आणि ८, थ च्या आधी. (इन्स्क्रिप्टची ही मांडणी १९९१ च्या भारतीय मानकातली आहे. ती विंडोजची देणगी आहे असे पुष्कळांना वाटते, म्हणून हा कंस.)

आता काही सुतारकामाच्या गोष्टी. चित्र, चौकट आणि वर्तुळ एकत्र निवडून `Ctrl+G` ने बांधावे, नाहीतर चित्र जरा सरकवले की चौकट भलत्याच शब्दावर जाऊन बसते. चौकट असते, ठळक असते आणि खोटे बोलत असते. वर्तुळांतले आकडे आपोआप बदलत नाहीत, शेजारच्या मजकुराची यादी मात्र बदलते. मध्येच एक पायरी घातली की मजकुरात पाचवी असलेली गोष्ट चित्रात चौथीच राहते. वाटप पीडीएफचेच करावे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर ते चित्र म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवावे.

एका बाबतीत आम्ही हट्टी आहोत. स्क्रीनशॉटमध्ये कुणाचे नाव, मोबाइल क्रमांक किंवा मेल दिसत असेल, तर त्यावर काळी चौकट ठेवून भागत नाही. पीपीटीतली काळी चौकट कुणीही उचलून बाजूला ठेवू शकतो. चित्र कापले तरी कापलेला भाग फाइलमध्ये शिल्लक असतो. `Compress Pictures` मध्ये जाऊन `Delete cropped areas of pictures` ही खूण केल्यावरच तो जातो. त्यापेक्षा संगणकावर कोणाचीच माहिती नसलेले नवे कोरे खाते उघडून त्यातच चित्रे घ्यावीत. आमच्या संचातली सगळी चित्रे तशी आहेत.

संच तयार झाला की तो तपासायची आमची रीत साधी आहे. संगणकाला फारसा हात न लावलेला एक विद्यार्थी बसवायचा, छापील संच त्याच्या हाती द्यायचा आणि आपण मागे गप्प उभे राहायचे. गप्प राहणे अध्यापकाला किती जड जाते, हे येथे सांगायला नको. त्याची नजर चित्रावरून पडद्याकडे आणि पुन्हा चित्राकडे दोनदा गेली की त्या स्लाइडवर पेन्सिलीने खूण करायची. मागच्या खेपेस अशा खुणा सर्वाधिक झाल्या त्या नांदेडच्या प्रयोगशाळेत. तेथील काही यंत्रांवर अजून विंडोज १० आहे. मायक्रोसॉफ्टने त्याचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला, पण यंत्रे चालूच आहेत. विंडोज ११ मध्ये भाषेच्या ओळीशेजारच्या तीन ठिपक्यांतून `Language options` उघडते. विंडोज १० मध्ये ते तीन ठिपके नाहीतच. भाषेच्या नावावर क्लिक केल्यावर तेथे `Options` हे बटण येते. मुलगी तीन ठिपके शोधत राहिली. त्यामुळे आता प्रत्येक स्लाइडच्या खालच्या कोपऱ्यात विंडोजची आवृत्ती आणि चित्र घेतल्याचा महिना छापलेला असतो, आणि नांदेडसाठी त्या चार स्लाइडांचा वेगळा जोड आहे.