पाऊस आणि छत्री

पाऊस जोरात आला की टीव्ही जातो, हे आपल्याकडे इतकं ठरलेलं आहे की त्याची कोणी तक्रारही करत नाही. माझ्या खालाचं घर चिपळूणजवळ आहे, वाशिष्ठीपासून फार लांब नाही. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर तिची एकच मागणी असते : पाऊस पडत असताना बातम्या दिसल्या पाहिजेत. "ज्या रात्री पाणी किती चढलं ते कळायला हवं, नेमक्या त्याच रात्री हा डबा गप्प बसतो," ती म्हणते. मी काही वर्षं डिश बसवण्याचं काम केलंय, म्हणून गेल्या मे महिन्यात तिने मला बोलावून घेतलं.

आधी दोष कुणाचा ते पाहू. खाला म्हणते ढगांचा. नुसत्या ढगाने फारसं काही होत नाही. अडचण थेंबांची आहे. घरच्या छत्रीवर येणारा सिग्नल साधारण 11-12 गिगाहर्ट्झचा असतो, म्हणजे त्याची लाट जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब. जोरदार पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे असतात. लाटेच्या मानाने हे थेंब एवढे मोठे पडतात की ते तिची थोडी शक्ती शोषतात आणि थोडी भलतीकडे उधळतात. केबलवाल्यांच्या आठ-दहा फुटी छत्र्या बहुतेक 4 गिगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल घेतात. त्याची लाट साडेसात सेंटिमीटरची, म्हणून त्याच पावसात त्यांचा टीव्ही चालू राहतो आणि आपला जातो. आमच्याकडे बरेच जण याचं श्रेय छत्रीच्या आकाराला देतात, पण खरं श्रेय लाटेचं आहे.

दुसरी गोष्ट कमी लोकांना ठाऊक असते. छत्री थंड, मोकळ्या आकाशाकडे बघत असते. पाऊस त्या मानाने उबदार असतो आणि प्रत्येक उबदार वस्तू स्वतःची थोडी खरखर सोडते. म्हणजे पाऊस सिग्नल कमी करतो आणि वर खरखरही वाढवतो. म्हणूनच सेट टॉप बॉक्सच्या मेनूमध्ये 'स्ट्रेंग्थ'ची पट्टी बरी दिसते आणि 'क्वालिटी'ची पट्टी कोसळलेली असते. बघायची ती क्वालिटी. काही जण यावर उपाय म्हणून केबलमध्ये अँप्लिफायर लावून घेतात. तो सिग्नलबरोबर खरखरही तेवढीच वाढवतो, त्यामुळे पैसे जातात आणि क्वालिटी तिथेच राहते.

डिजिटल चित्र हळूहळू पुसट होत नाही. क्वालिटी एका रेषेच्या वर असेल तर चित्र स्वच्छ. रेषेच्या खाली गेली की आधी चौकोन, मग काळा पडदा. त्या रेषेच्या वर आपल्याकडे किती शिल्लक आहे, एवढाच सगळा प्रश्न असतो. पाऊस ही शिल्लक खातो. पाऊस थांबवता येत नाही, पण उन्हाळ्यात शिल्लक वाढवून ठेवता येते.

खालाच्या घरी सरकारी मोफत डिश आहे. तिचा उपग्रह 93.5 अंश पूर्वेवर, म्हणजे चिपळूणहून आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण 59 अंश वर. पाऊस आपल्याकडे सुमारे पाच किलोमीटर उंचीपर्यंत पाण्याच्या रूपात असतो. त्याच्या वर बर्फ, आणि बर्फ या लाटेला फारसं अडवत नाही. एवढ्या कलत्या रेषेत सिग्नलला जवळपास सहा किलोमीटर पावसातून यावं लागतं, आणि जमिनीवर मोजलं तर ती रेषा आग्नेयेला तीन किलोमीटरपर्यंत पसरते. म्हणून अंगण कोरडं असतानाही टीव्ही जाऊ शकतो. पाऊस शेजारच्या वाडीवर पडत असतो. ताशी 50 मिलिमीटरचा पाऊस या रेषेच्या तीन किलोमीटरवर जरी असला, तरी सिग्नल पाचव्या हिश्श्याच्या आसपास उरतो. साध्या रिमझिमीत मात्र वीसएक टक्केच जातो.

यातूनच खरं निदान होतं. जोराच्या सरीत गेला आणि सर ओसरल्यावर दहा-वीस मिनिटांत आला, तर तो पावसाचा प्रकार. रिमझिमीतही जात असेल, किंवा पाऊस थांबून दोन तास झाले तरी येत नसेल, तर दोष घरचा आहे. खालाकडे दुसरा प्रकार होता.

सगळ्यात आधी मी एलएनबीचा, म्हणजे छत्रीच्या पुढच्या डोळ्याचा, कनेक्टर उघडला. आत हिरवट गंज. केबल वरून सरळ उतरत कनेक्टरमध्ये शिरत होती, म्हणजे पाण्याला आयताच रस्ता. केबलचं टोक कापून नवीन कनेक्टर बसवला, वर रबरी टोपण घातलं आणि केबलला खाली एक झोळ दिला, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकेल. एलएनबीचं प्लास्टिकचं झाकण उन्हाने तडकलं होतं. त्यातूनही पाणी शिरतं, म्हणून एलएनबी बदलला.

मग झाड. ही छत्री ऑफसेट जातीची, दिसायला जवळजवळ उभी असते पण बघते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश वर. लोक छत्रीच्या तोंडासमोर बघतात आणि "समोर काहीच नाही" म्हणतात. वर, आग्नेयेला, आंब्याची फांदी तीन पावसाळ्यांत वाढून रेषेत आली होती. कोरड्या पानांतून काम चालून जात होतं, ओली पानं मात्र पाण्याचा पडदाच. खालूने कुरकुर केली, पण फांदी छाटू दिली.

उरलं ते तोंड. खांब लेव्हलने तपासला तर कललेला, क्लँपचे बोल्ट सैल. साठ सेंटिमीटरची छत्री एक अंश चुकली तर पाऊण हिस्सा सिग्नल तरी येतो, म्हणून उन्हात कुणाला चूक कळतच नाही. बसवणाऱ्यांपैकी बरेच जण चित्र दिसलं की शिडी उतरतात. मी खांब उभा करून घट्ट केला, डावी-उजवीकडे आणि वर-खाली केसाकेसाने हलवत क्वालिटी सगळ्यात वर जाईल तिथे बोल्ट आवळले. शेवटी एलएनबी त्याच्या पकडीत थोडा फिरवून पाहिला. त्याचा पीळ चुकला तर आडवा आणि उभा सिग्नल एकमेकांत मिसळतो. क्वालिटी 56 वरून 78 वर गेली. हे आकडे बॉक्सगणिक वेगळे असतात, शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडून पाहू नयेत.

खालाने विचारलं, मोठी छत्री घेऊ का? नव्वद सेंटिमीटरची छत्री साठच्या सव्वादोनपट सिग्नल गोळा करते. त्याने टीव्ही जायला आधीपेक्षा बराच जास्त पाऊस लागतो आणि गेला तरी कमी वेळ जातो. पण ती बघतेही अरुंद : तिथे एक अंशाची चूक निम्मा सिग्नल घालवते, आणि वारा तिला जास्त ढकलतो. म्हणजे मोठी छत्री, जाड खांब आणि पक्का पाया हे एकत्रच घ्यायचं. जुन्या पाइपवर ती टांगण्यात अर्थ नाही. खालाने घेतली, आणि पाया गवंड्याकडून काँक्रीटमध्ये भरून घेतला.

जुलैमध्ये तिचा फोन आला. दिवसभराच्या पावसात टीव्ही चालला. रात्रीच्या एका सरीत सात-आठ मिनिटं गेला. मी आधीच सांगितलं होतं की ढगफुटीसारख्या सरीपुढे घरगुती छत्री टिकत नाही. एफएम रेडिओची लाट तीन मीटरची असते, तिला थेंबांचं काही वाटत नाही. म्हणून टीव्हीशेजारी सेलवरचा एक छोटा रेडिओही ठेवायला लावलाय, आणि त्याचे सेल खालू दर जुम्म्याला तपासतात.