मोजलेले अभंग

देवाचे नाव मोजायची आपल्याकडे जुनी चाल आहे. आजीच्या हातातली माळ एकशे आठ मण्यांची असते. कुणी रामनामाने वह्याच्या वह्या भरतो आणि शेवटी बेरीज मांडतो. तेव्हा तुकोबांच्या गाथेतले शब्द संगणकाकडून मोजून घ्यावेत असे कुणी म्हटले, तर दचकायचे कारण नाही. फरक एवढाच, की आजीला मणी ओळखता येतो. यंत्राला मणी म्हणजे काय हेच आधी सांगावे लागते. सगळी विद्या त्या सांगण्यात आहे.

या विद्येचा आरंभही एका धर्मोपदेशकाने केला. रोबेर्तो बुसा हे इटलीतले जेसुइट पंथाचे पाद्री. संत थॉमस अक्वायनस यांच्या लॅटिन लेखनात ईश्वराच्या 'सान्निध्या'ची कल्पना कशी आली आहे, याचा ते शोध घेत होते. मोठमोठे शब्द चाळून झाल्यावर त्यांना उमगले, की किल्ली 'इन' या चिमुकल्या शब्दात आहे; म्हणजे आपल्या 'घरात, मनात' मधल्या 'त'मध्ये. तो शब्द असलेली वाक्ये त्यांनी हाताने सुमारे 10,000 चिठ्ठ्यांवर उतरवली. पुढे 1949 साली ते अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या दारात जाऊन उभे राहिले, आणि भोके पाडलेल्या पत्त्यांवर काम सुरू झाले. 1970 नंतर त्या शब्दसूचीचे छप्पन्न खंड छापून निघाले. ज्या शब्दाकडे कुणी पाहत नाही तोच लिहिणाऱ्याची चाल सांगतो, हा धडा तिथला.

आता आपली गाथा घ्या. इंदुप्रकाश छापखान्याची आवृत्ती 1873 साली पुरी झाली. 1950 साली मुंबई सरकारने गाथा छापली. साडेचार हजारांहून अधिक अभंग. मजकूर संगणकात आहे असे धरा आणि त्याला म्हणा, 'सर्वांत जास्त वेळा येणारे शब्द सांग.' डोळ्याचे पाते लवते न लवते तोच उत्तर येईल : 'तुका' आणि 'म्हणे'. मोठ्या अभंगाच्या एका कडव्यात बावीस अक्षरे. चार कडव्यांची अठ्ठ्याऐंशी. शब्द तीसएक भरतात, आणि त्यांतले दोन नाममुद्रेचे. म्हणजे साधारण पंधरा शब्दांमागे एक शब्द केवळ सहीचा. ती सही वेगळी काढली नाही, तर देहभान विसरलेल्या संताचा आवडता विषय तो स्वतःच, असा निष्कर्ष हाती येतो! म्हणून पहिली पायरी ही, की शेवटच्या कडव्यातली ही जोडी बाजूला काढायची, पण तीच. अभंगाच्या पोटात तुकोबांनी स्वतःचे नाव घेतले असेल तर ते राहू द्यायचे, कारण तिथे ते काही सांगण्यासाठी आलेले असते.

हे करताना ध्यानात येते, की बऱ्याच सह्या तशाच मागे उरल्या आहेत. जुन्या छापात 'म्हणे' हा शब्द 'ह्मणे' असा जुळवलेला असतो. आपला डोळा त्यावरून सहज पुढे सरकतो. यंत्राच्या लेखी आधी 'म' मग 'ह' हा एक शब्द, आणि आधी 'ह' मग 'म' हा दुसरा. 'केलें' आणि 'केले' यांचेही तेच. शब्द कुठे तुटतो हेही नीट सांगावे लागते. पायथॉन या संगणकभाषेत शब्द वेचायची रूढ खूण `\w+` अशी आहे. ती अक्षर ओळखते, पण काना, मात्रा, उकार यांना अक्षर मानत नाही. 'तुका' दिले तर ती 'त' आणि 'क' परत देते. यादीच्या माथ्यावर एकेका अक्षराचे शब्द दिसू लागले, की समजावे : मजकुराच्या काना-मात्रा गळाल्या. तिथे मोकळ्या जागेवर शब्द तोडावेत आणि दंड व आकडे आधी पुसावेत, हे बरे.

मग येतात विभक्तीचे प्रत्यय. देव, देवा, देवाचा, देवासी हे सगळे एका घरचे. त्यांना एकत्र बसवायचे. पण प्रत्यय सरसकट छाटत गेलो, तर विठ्ठलभक्त नामा 'नाम' होऊन बसतो. नुसती 'राम' ही अक्षरे शोधली तर 'विश्राम'ही हाती लागतो. 'हरी' म्हणजे कधी देव, तर कधी दुःख हरण करण्याची क्रिया. 'काय' म्हणजे प्रश्न, आणि 'काय' म्हणजे देहसुद्धा. यावर एकच उपाय आहे : तो शब्द मधे ठेवून दोहों बाजूंचे पाच-पाच शब्द दाखवणारी यादी काढायची, आणि ती माणसाने बसून वाचायची.

हे सारे आमच्या आळीतल्या भजनीबुवांना सांगितले, तेव्हा टाळ पुसता पुसता ते म्हणाले, "मास्तर, साखरेचे दाणे मोजून गोडी कळते का हो?"

मी म्हटले, "बुवा, गोडी नाही कळत. पण पिशवीत साखर किती नि मीठ किती, एवढे कळते."

बुवा हसले, पण लगेच त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले : "मग त्यात कान्होबांचे कोणते, ते काढून दाखवा."

कान्होबा हे तुकोबांचे धाकटे बंधू. त्यांचे अभंगही गाथेत आहेत. त्यांची मुद्रा 'तुकयाबंधु' अशी. म्हणजे 'तुक' या अक्षरांनी शोध घेतला, की थोरल्याच्या राशीत धाकटाही ओढला जातो. 'बंधु'वरून ते वेगळे काढता येतात. पुढचा प्रश्न खरा अवघड. मुद्रा झाकली, तर नुसत्या शब्दांवरून भाऊ ओळखू येतील का?

इथे बुसांचे चिमुकले शब्द कामी येतात : परि, तरी, जरी, आतां. मात्र राशी लहानमोठ्या, म्हणून नुसते आकडे जोडीला लावून चालत नाही. दर हजार शब्दांमागे किती, हे पाहावे लागते. समजा, धाकट्याच्या सहाशे शब्दांत 'आतां' नऊ वेळा आला. हजारी पंधरा! थोरल्यापेक्षा तिप्पट म्हणून आपण हर्षभरित होतो. पण यादी उघडून पाहावे, तर नवांपैकी सात वेळा तो एकाच अभंगाच्या ध्रुपदात आहे, आणि उतरून घेणाऱ्याने ध्रुपद प्रत्येक कडव्यानंतर पुन्हा लिहिले आहे. ध्रुपद एकदाच धरले, तर उरतात तीन. म्हणून शब्द किती वेळा आला याबरोबर तो किती अभंगांत आला, हा दुसरा आकडा नेहमी शेजारी मांडावा. पहिला मोठा आणि दुसरा लहान असला, की तिथे ध्रुपद दडलेले असते.

एवढे निस्तरल्यावरही एक काटा उरतोच. तुकोबा गेल्यावर कान्होबांनी विलाप केला. भावाच्या विरहाने ते देवाशी भांडले. त्यांचे शब्द निराळे दिसले, तर ते माणूस निराळा म्हणून, की दुःख निराळे म्हणून? तेव्हा धाकट्याचा विलाप थोरल्याच्या करुणेच्या अभंगांशीच ताडून पाहावा, उपदेशाशी नव्हे. त्यातही हे अभंग टाळकऱ्यांच्या मुखातून आणि लेखकूंच्या बोरूतून आपल्यापर्यंत आले. एखादा 'परि' त्यांच्यापैकीच कुणाचा असेल. 'ही चाल वेगळी वाटते' इतकेच यंत्राने म्हणावे. 'हा अभंग अमक्याचा' असा निवाडा त्याने देऊ नये.

बुवांना मी तेच सांगितले. बंधूचे अभंग बाजूला काढून, मुद्रा पुसून, त्यांच्या हाती कागद दिले. त्यांनी चष्मा चढवला, एक विलाप मनाशी वाचला आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हा पाठचा भाऊच रडतोय, मास्तर. मोजून बघा हवे तर."