लाल चौकटीतले बाबा



रस्ता सुरक्षा अभियानाच्या वेळी आमच्या सातवीच्या वर्गात घडलेला प्रसंग सांगतो. शाळेच्या गच्चीवरून मी मोबाईलने समोरच्या रस्त्याचा १० मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. माझा भाचा इंजिनिअरिंगला आहे, त्याने त्यावर विनाहेल्मेट दुचाकीस्वार ओळखणारा प्रोग्राम चालवून दिला. डोक्यावर हेल्मेट दिसलं तर हिरवी चौकट, नाही दिसलं तर लाल. वर्गातल्या टीव्हीवर मुलं रंगून बघत होती, तेवढ्यात एक मुलगी उभी राहिली. "सर, ती लाल चौकट माझ्या बाबांवर आलीय. पण ते रोज हेल्मेट घालतात!" वर्ग हसला आणि तिचे डोळे भरून आले. मी व्हिडिओ थांबवून चित्र मोठं केलं. बाबांच्या डोक्यावर चक्क काळं हेल्मेट होतं.

मग त्या दिवशी नियोजित पाठ बाजूला राहिला. तुम्हीच सांगा, प्रोग्राम का फसला असेल?

तो आधी चित्रात दुचाकी शोधतो, मग तिच्यावर बसलेली माणसं. प्रत्येक माणसाचा डोक्याकडचा भाग कापून घेतो आणि तेवढ्याच तुकड्यावरून ठरवतो, हेल्मेट की उघडं डोकं. त्याला हे शिकवलेलं असतं हजारो फोटो दाखवून. आता गच्चीवरून, पाठमोरं, लांबून पाहिलं तर काळं गुळगुळीत हेल्मेट आणि तेल लावून चापून बसवलेले काळे केस यांत फरक तो काय उरतो? डोकं पडद्यावर जेमतेम १०-१२ ठिपक्यांचं. तिथं आपलीही नजर फसली असती. स्कार्फ गुंडाळलेल्या ताईंबाबत तर त्याची नुसती धरसोड चालली होती, एका क्षणी लाल, दुसऱ्या क्षणी हिरवी.

या धरसोडीवर उपाय आहे. व्हिडिओत एका सेकंदाला साधारण २५ ते ३० चित्रं असतात. गाडी दोन सेकंद दिसली तरी पन्नासेक चित्रं मिळतात. एका चित्रावर निकाल न देता तीच गाडी सगळ्या चित्रांत ओळखून बहुमत घ्यायचं. आम्ही तसं केलं. चौकटींचा लपंडाव थांबला, पण बाबा लालच राहिले! कारण पन्नासही चित्रं त्याच कोनातून, त्याच अंतरावरून घेतलेली. एकच चूक पन्नास वेळा झाली की बहुमतही चुकीच्याच बाजूला जाणार. क्षणभराची चूक मतदानाने जाते, जागेमुळे होणारी जात नाही.

यानंतर मी फळ्यावर शेकडेवारी घेतली. समजा २०० स्वार गेले, त्यातले ५० विनाहेल्मेट. प्रोग्राम दोन्ही प्रकारच्या स्वारांना १०० पैकी ९० वेळा बरोबर ओळखतो. म्हणजे ५० पैकी ४५ जण लाल चौकटीत आले. हेल्मेटवाल्या १५० पैकी १० टक्के, म्हणजे १५ जणही विनाकारण लाल झाले. एकूण ६० लाल चौकटी, त्यातल्या १५ खोट्या. चारात एक.

आता समजा गाव सुधारलं. २०० पैकी फक्त १० जण विनाहेल्मेट. प्रोग्राम तोच. त्या १० पैकी ९ सापडले. पण हेल्मेटवाले १९०, त्यांच्यातले १९ खोटे लाल! २८ चौकटींत १९ खोट्या. मुलांना हे पटेचना, दोघातिघांनी पुन्हा मांडून पाहिलं. लोक जितके नियम पाळतील, तितक्या लाल चौकटींत निरपराध माणसांचं प्रमाण वाढतं. म्हणूनच दंड लावण्याआधी कुणीतरी माणसाने फोटो डोळ्यांनी तपासायलाच हवा. शिवाय काही उघडी डोकी चौकटीत बरोबर सापडूनही दंडाला पात्र नसतात. पगडीधारी शीख स्वाराला कायद्यानेच हेल्मेटमधून सूट आहे, हे प्रोग्रामला कुठून कळणार?

दुसऱ्या दिवशी मी गच्ची सोडून फाटकाजवळ, गाड्या समोरून येतील असा मोबाईल लावला. भाच्याने फोनवर सांगितल्याप्रमाणे पडद्यावर एक पट्टा आखला. गाडी त्या पट्ट्यात, म्हणजे डोकं नीट मोठं दिसेल इतकी जवळ आली की मगच निर्णय. लांबच्या गाड्यांकडे लक्षच द्यायचं नाही. (काम झाल्यावर दोन्ही व्हिडिओ पुसून टाकले. लोकांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर आपल्याकडे ठेवायचे नाहीत.) समोरून काच आणि हनुवटीचा भाग दिसतो, त्यामुळे फरक झटकन कळतो. या वेळी बाबा हिरव्या चौकटीत आले आणि मुलीने आधी त्या हसणाऱ्या मुलांकडे वळून पाहिलं.

त्यांच्याच मागून एक आजोबा मोपेडवरून आले. डोक्यावर कडक इस्त्रीची पांढरी टोपी. प्रोग्रामने त्यांना बिनदिक्कत हिरवी चौकट दिली आणि आजोबा ऐटीत निघून गेले.