नुसता स्क्रीनशॉट

नगरला राहून शेतमालाच्या बाजाराच्या बातम्या लिहिणाऱ्या माणसाला नातेवाईक जेवायला कमी बोलावतात आणि स्क्रीनशॉट जास्त पाठवतात. मावशीचा आला तर विचारावं लागत नाही. तिला ‘खरंय का रे’ एवढंच हवं असतं. भाच्याचा आला तर त्यावर लाल गोल काढलेला असतो आणि हसायचं असतं. अडचण होते ती नेवासे तालुक्यातल्या धाकट्या चुलतभावाची. तो स्क्रीनशॉट टाकतो आणि गप्प बसतो. आपण ओळखावं, अशी त्याची अपेक्षा.

१८ फेब्रुवारी २०२४ ला, रविवारी रात्री त्यानं असाच एक पाठवला. फेसबुकवरची पोस्ट होती. कांदा निर्यातबंदी उठली, तीन लाख टन निर्यातीला मंजुरी, सरकारचे आभार, आणि पुढे मजकूर तुटलेला, कारण ‘आणखी पाहा’ न दाबताच चित्र काढलेलं. पोस्ट टाकणारे गावच्या सोसायटीचे एक संचालक होते. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

पहिला विचार अर्थातच बातमी तपासायचा. केंद्रानं ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद केली होती, ३१ मार्च २०२४ पर्यंत. चुलतभावाचा अर्धा रांगडा कांदा जानेवारीत पडेल भावात गेला होता आणि अर्धा शेतात उभा होता. बंदी उठली की नाही, हा त्याच्या खिशाचा प्रश्न होता. पण तेवढंच हवं असतं तर त्यानं फोन केला असता. पैशाच्या गोष्टीला तो कधी मेसेज करत नाही.

म्हणून चित्र पुन्हा नीट पाहिलं. फोनच्या वरच्या पट्टीत ९:५२ वाजले होते आणि पोस्टखाली ‘२ तास’ लिहिलेलं होतं. म्हणजे पोस्ट आठच्या आसपासची, ताजी. जुनीच बातमी कुणी पुन्हा फिरवली असेल ही शंका तिथं मिटली. हा ‘२ तास’ फसवा असतो, हे सांगून ठेवतो. तो स्क्रीनशॉट काढला त्या क्षणापासून मागे मोजलेला असतो, आपण पाहतो तेव्हापासून नाही. वरची पट्टी कापून पाठवलेलं चित्र महिनाभर जुनं असलं तरी ‘२ तास’च दाखवतं.

खरी खूण खाली होती. चित्राच्या खालच्या अर्ध्या भागात कीबोर्ड उघडा होता आणि कमेंटच्या चौकटीत टाइप केलेलं, पण न पाठवलेलं वाक्य होतं : ‘आमचा कांदा गेल्यावर उठवली व्हय. आता पेढे वाटा.’ नुसती पोस्ट दाखवायची असती तर कीबोर्ड कशाला उघडा राहिला असता? त्याचं बोट बाणावर जाऊन थांबलं होतं आणि मग त्यानं मला गाठलं होतं.

आता तीन गोष्टी संभवत होत्या. बातमी खरी का, हे त्याला हवं असेल. याहून झणझणीत काही लिहून हवं असेल. किंवा लिहिलेलं टाकावं की नाही, एवढंच. तिन्हींची उत्तरं एकदम पाठवण्याचा मोह होतो, पण ते मी टाळतो. लांबलचक मेसेज कुणी वाचत नाही आणि त्यातला सोयीचा तुकडा उचलून तसाच ग्रुपवर जातो. आपण भावाला मोकळेपणानं लिहिलेलं मग नानांच्या हातात पडतं.

तरी एक गोष्ट आधी पाहणं भाग होतं. बातम्यांच्या वाहिन्यांवर, वेबसाइटवर बंदी उठल्याचं त्या दिवशी खरंच चाललं होतं. नानांनी मनानं काही रचलं नव्हतं. पण निर्यातीचं धोरण नुसत्या निर्णयानं बदलत नाही. विदेश व्यापार महासंचालनालयाची अधिसूचना निघावी लागते. तोवर बंदरावर कंटेनर हलत नाही. महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर त्या रात्री कांद्याची नवी अधिसूचना नव्हती. शिवाय पोस्टच्या पहिल्या ओळीतच दोन न जुळणाऱ्या गोष्टी होत्या. बंदी उठली असेल तर तीन लाख टनांची मर्यादा कशाला? आणि मर्यादा असेल तर बंदी उठली असं म्हणता येत नाही, फार तर थोडी वाट करून दिली म्हणता येईल.

मी लिहिलं, ‘बातमी आहे, अधिसूचना नाही. खाली लिहिलंयस ते टाकायचंय का?’

लगेच उत्तर आलं, ‘तेच विचारतोय दादा. लई कडू लागतंय का?’

म्हणजे त्याला सूर तपासून हवा होता. वाक्य अन्यायाचं नव्हतं. ज्याचा कांदा मातीमोल गेला त्याला एवढं बोलायचा हक्क आहे. पण ‘पेढे वाटा’ हे सरकारला लागत नाही, पोस्ट टाकणाऱ्याला लागतं. पोस्टखाली सगळा गाव वाचणार. त्यात फेब्रुवारी संपत आलेला. मार्चअखेर पीककर्जाचं नवंजुनं करायला त्याला त्याच सोसायटीत जायचं होतं. नाना मनात धरणारे नाहीत, पण बाकीचे संचालक कसे आहेत ते तो माझ्याहून चांगलं जाणतो.

मात्र मला जास्त खटकलं ते दुसरंच. ‘उठवली व्हय’ म्हणताना तो बंदी उठली हे मान्य करून बसला होता. टोमणा मारायच्या भरात त्यानं न तपासलेली बातमी स्वतःच्या नावानं पुढे नेली असती. उद्या ती खोटी ठरली की टोमणाही फुसका. सुराचा निकाल बातमी पाहिल्याशिवाय देता येत नव्हता, तो यामुळे.

हे मी त्याला फोन करून सांगितलं. लिहून सांगण्यासारखं नव्हतं. तो म्हणाला, ‘मग तूच लिहून दे.’ मी त्याच्याच बोलीत एक ओळ दिली : ‘नाना, अधिसूचना निघाली का? निघाली असंल तर प्रत टाका, म्हंजी कांदा काढायचा का थांबायचं ते ठरवता येईल.’ यात राग नाही, लाचारीही नाही. प्रश्न खरा आहे, आणि उत्तर देणाऱ्याला कागद दाखवल्याशिवाय सुटका नाही. त्यानं ‘अधिसूचना’च्या जागी ‘जीआर’ केलं. जीआर राज्य सरकारचा असतो, पण गावात सगळ्या सरकारी कागदाला जीआरच म्हणतात. मी हरकत घेतली नाही.

नानांनी खाली उत्तर दिलं, ‘येईल उद्या-परवा.’

बाजार मात्र कागदासाठी थांबला नाही. लासलगावला १७ तारखेला सर्वसाधारण भाव क्विंटलला १,२८० रुपये होता, तो १९ तारखेला १,८०० झाला. आमच्याकडे लोक कच्चा कांदा उपटायला निघाले. चुलतभावाच्या शेतातलं पाणी अजून तोडलेलं नव्हतं. असा ओला कांदा काढला की वजन दिसतं आणि दोन दिवसांत सड लागते. तो थांबला. २० तारखेला केंद्रीय ग्राहक व्यवहार सचिव रोहितकुमार सिंह यांनी जाहीर केलं की बंदी उठवलेली नाही, ती ३१ मार्चपर्यंत लागू आहे. त्या दोन दिवसांत ज्यांचा तयार माल बाजारात होता त्यांना चार पैसे मिळाले, हेही खरं. त्यांनी ती पोस्ट वाचली होती की नव्हती, कुणास ठाऊक.

पुढे २२ मार्चला बंदी पुढील आदेशापर्यंत वाढवण्यात आली. निर्यात खुली झाली ती ४ मे २०२४ ला, टनाला ५५० डॉलर किमान निर्यात मूल्य आणि ४० टक्के शुल्क लावून. तोवर चुलतभावाचा रांगडा कांदा विकून झाला होता.