पोह्यांची वेळ

लेकीला बघायला येणाऱ्यांचा फोन आला : “रविवारी सकाळी अकराला येतो. आमच्या गुरुजींनी दिवस बघितलाय.” मी लगेच हो म्हणालो आणि फोन ठेवला. आईने झोपाळ्यावरूनच विचारलं, “कुणासाठी बघितलाय? मुलासाठीच ना?”

तिने पंचांग उघडायला लावलं. मार्गशीर्ष शुद्ध दशमी. म्हणजे रिक्ता तिथी आदल्या दिवशीच संपलेली. नक्षत्र उत्तराभाद्रपदा. लेकीचं रोहिणी. “रोहिणीपासून मोज,” आई म्हणाली. मी बोटांच्या पेरांवर मृग, आर्द्रा, पुनर्वसू असं करत बावीसपर्यंत पोचलो. नवाने भागून बाकी चार. चौथी तारा क्षेम, म्हणजे चांगली. मी खुशीत सांगितलं तर आई हसली. “अरे, जन्मनक्षत्र धरून मोजायचं असतं. रोहिणीच पहिली.” मग आले तेवीस, बाकी पाच. पाचवी तारा प्रत्यरी. तिसरी विपत, पाचवी आणि सातवी वध, या तिन्ही ती टाळते.

मुलाचं नक्षत्र अनुराधा. तिथून उत्तराभाद्रपदा दहावं, बाकी एक, म्हणजे जन्मतारा. मध्यम. त्यांच्या गुरुजींना तेवढं चाललं असावं.

मला वाटलं आता रविवार गेला. पण आईचं बोट नक्षत्राच्या नावापुढच्या आकड्यावर गेलं. नक्षत्र काही रात्री बारापर्यंत नसतं. त्या दिवशी उत्तराभाद्रपदा दुपारी १.४०ला संपत होतं आणि पुढे रेवती. मी पुन्हा पेरं मोजली, यावेळी नीट. लेकीला चोवीस, बाकी सहा, साधक. मुलाला अकरा, बाकी दोन, संपत. चंद्र दोन्ही वेळा मीनेतच. लेकीच्या वृषभेपासून अकरावा, मुलाच्या वृश्चिकेपासून पाचवा. चौथा, आठवा, बारावा नाही एवढंच आईला हवं होतं. लग्नाच्या मुहूर्ताला लागतं ते सगळं बघण्याच्या कार्यक्रमाला कशाला, असं तिचं म्हणणं. मलाही ते पटतं. नाहीतर माणसं एकमेकांना भेटायचीच नाहीत.

फक्त राहुकाळ राहिला. रविवारी तो दिवसाच्या शेवटच्या अष्टमांशात, म्हणजे साडेचारच्या पुढे. हाती उरले दोनपासून साडेचार.

फोन करून “अडीचला जमेल का?” असं विचारताना मलाच कानकोंडं झालं. मुलाचे वडील क्षणभर गप्प, मग म्हणाले, “म्हणजे जेवूनच येतो. पोह्यांचा घाट घालू नका हं.”

बायकोने तरी पोहे भिजवलेच. मंडळी ट्रॅफिकमध्ये अडकून आली चार वाजून वीस मिनिटांनी. चपला काढेपर्यंत आई स्वयंपाकघरात पोचली होती. “पोहे राहू देत मागाहून,” ती कुजबुजली, “आधी पोरीला पाणी घेऊन बाहेर पाठव.”