खो मिळेपर्यंत

बाळ,

शाळेच्या फळ्यावर लागलेल्या खो-खोच्या संघाच्या यादीत तू आपले नाव तीनदा शोधलेस आणि घरी येऊन कोणाशी न बोलता पानावरून अर्धपोटी उठलास, असे तुझ्या आईकडून कळले, तेव्हा ‘निवडीत पक्षपात झाला असेल’ असे सांगून तुझी समजूत घालण्याचा मोह मला क्षणभर झाला. परंतु निवडीच्या दिवशी मी मैदानाच्या कडेला उभा होतो, आणि जे डोळ्यांनी पाहिले त्याविरुद्ध तुला दिलासा देणे ही माया नव्हे, फसवणूक ठरेल.

त्या दिवशी तू सुरेख पळालास. तिघांच्या तुकडीतले दोघे बाद झाल्यावरही तू हाती लागला नाहीस, म्हणूनच यादीचे तुला नवल वाटले. पण या खेळाचा निम्मा भाग बसण्याचा आहे. आठ गडी आळीपाळीने विरुद्ध दिशांना तोंड करून बसतात आणि नववा एकटा पाठलाग करतो. पळणाऱ्याला बसलेल्यांच्या मधून हवे तसे निसटता येते, पाठलाग करणाऱ्याला मात्र ती रांग ओलांडण्याची मुभा नाही, म्हणून त्याची सारी भिस्त बसलेल्यांवर असते.

तेथे तू दोनदा खो कानी पडण्यापूर्वीच उठलास. पंचांची शिट्टी झाली, पाठलाग करणाऱ्याला उलट दिशेने परतावे लागले, आणि हातभर अंतरावर आलेला पळणारा तेवढ्या अवधीत दूर गेला. तिसऱ्या वेळी खो रीतसर मिळाला, पण पळणारा कोठे आहे हे पाहण्याआधीच तुझा खांदा डावीकडे वळला; एकदा घेतलेली दिशा खांब गाठेपर्यंत बदलता येत नाही, आणि तो उजवीकडे उभा होता. तुझ्या पायांतला वेग तुला बसू देत नाही, एवढेच त्या निकालाचे कारण मला दिसले.

हा दोष सवयीचा आहे आणि सवयीनेच जाईल. चवड्यांवर उकिडवे बसावे, पाठीमागे कोणी उभे राहावे, त्याने कधी चटकन, कधी बऱ्याच वेळाने खो द्यावा, कधी नुसतीच पावले वाजवावीत. आणि तू नजर पळणाऱ्यावर ठेवून, शब्द ऐकल्यावाचून जागचा हलू नयेस. इतके करूनही पुढील वर्षी तुझे नाव लागेलच, असा कौल मी देणार नाही. संघात जागा बाराच, आणि इतर मुलेही शिकत राहणार. मात्र तेव्हा तू अवेळी उठणारा गडी नसशील.

आज वाईट वाटते आहे ते वाटू दे. त्याला मुदत घालू नकोस. जेव्हा मन होईल तेव्हा अंगणात येऊन बस. मी मागे उभा राहीन, आणि खो देण्याची घाई करणार नाही.

तुझा मामा